कुत्र्याच्या लिव्हरचा रिपोर्ट: पेशी फुटतायत की पित्त तुंबलंय?

टॉफी ही पाच वर्षांची लॅब्राडोर, वजन 25 किलो. दात साफ करायला भूल द्यायची होती म्हणून रक्त तपासलं, तर एसजीपीटी 320 आलं. त्याच महिन्यात ब्रुनो आला. तो आठ वर्षांचा कॉकर स्पॅनियल, कानाचा जुना रोगी. त्याचं अल्कलाइन फॉस्फेटेज होतं 1,230. दोघांच्याही घरच्यांनी रिपोर्टचा फोटो पाठवून एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, लिव्हर गेलं का?" ब्रुनोचा आकडा जवळजवळ चौपट मोठा, त्यामुळे घाबरायचं असेल तर त्याच्याबद्दल, असं कुणालाही वाटेल. त्या दिवशी खरा आजार होता तो टॉफीच्या लिव्हरमध्ये. ब्रुनोची पाळी नंतर आली, आणि त्यात माझीही एक चूक झाली. हे दोन रिपोर्ट धरूनच वाचनाची रीत सांगतो.

दोन जातीची एन्झाइम्स

एसजीपीटीलाच एएलटी म्हणतात. हे एन्झाइम लिव्हरच्या पेशीच्या आतल्या रसात असतं. पेशीचं आवरण फाटलं किंवा नुसतं सैल पडलं, तरी ते पाझरून रक्तात येतं. कुत्र्यात ते बहुतांशी लिव्हरचंच असतं, म्हणून त्याच्या साक्षीवर बराच विश्वास टाकता येतो. त्याचं भावंड एसजीओटी, म्हणजे एएसटी. तेही पेशीच्या आतच असतं, पण स्नायूंमध्येही भरपूर असतं. कुत्रा गाडीला धडकला, झटके आले किंवा मांडीत इंजेक्शन टोचलं तरी ते वाढू शकतं. म्हणून एएसटी एकटंच वर गेलेलं दिसलं तर मी आधी स्नायूंची तपासणी, म्हणजे सीके, करून घेतो. स्नायूंची इजा फार मोठी असेल तर एएलटीसुद्धा थोडं हलतं, हेही लक्षात असू द्या.

अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे एएलपी, आणि जीजीटी यांची तऱ्हा निराळी आहे. ती पेशीच्या रसात तरंगत नाहीत, आवरणाला चिकटून बसलेली असतात. एएलपीची जागा लिव्हरच्या दोन पेशींमधून पित्त वाहून नेणाऱ्या बारीक पाटांच्या कडेला, आणि जीजीटी मुख्यतः पित्तनलिकांच्या अस्तरात. पुढे कुठे अडथळा आला की पित्त मागे तुंबतं. पित्तातली आम्लं साबणासारखी असतात, ती ही चिकटलेली एन्झाइम्स आवरणापासून सुटी करतात. शिवाय तुंबलेल्या पित्तामुळे पेशी एएलपी नव्याने, जास्त प्रमाणात तयार करू लागते. म्हणजे एएलटी वाढतं ते गळतीने, आणि एएलपी वाढतं ते मुख्यतः जादा उत्पादनाने. म्हणूनच इजा झाल्यावर एएलटी एकदोन दिवसांत शिखर गाठतं आणि एएलपी काही दिवस घेत, चढत चढत जातं.

इथेच कुत्र्याच्या रिपोर्टमधली मोठी फसगत दडलेली आहे. जे जादा उत्पादनाने वाढतं, ते उत्पादनाची ऑर्डर दुसऱ्याच कुणी दिली तरी वाढतं.

पहिली पायरी: आकडे बाजूला ठेवा, औषधांची यादी काढा

गेल्या दोन-तीन महिन्यांत कुत्र्याला काय काय दिलं, लावलं, टोचलं ते सगळं कागदावर लिहा. लोक गोळ्या सांगतात, मलम आणि कानातले थेंब विसरतात. ब्रुनोच्या घरच्यांनी "औषध काही चालू नाही" असं ठामपणे सांगितलं होतं. पिशवीतून निघाली कानाची बाटली, दोन महिने रोज दोन वेळा, त्यात स्टिरॉईड. मधे खाज वाढली तेव्हा आठवडाभर प्रेडनिसोलोन या स्टिरॉईडच्या गोळ्याही झाल्या होत्या.

कुत्र्याच्या लिव्हरला एक खास खोड आहे, जी माणसाच्या लिव्हरला नाही. स्टिरॉईड मिळालं की ते एएलपीचा एक वेगळाच प्रकार बनवायला लागतं, आणि तो रक्तात दिवसेंदिवस टिकतो. पित्त मोकळं वाहत असतं, पेशी शाबूत असतात, तरी आकडा दहापट होऊ शकतो. कातडीतून किंवा कानातून शोषलेलं स्टिरॉईडही त्याला पुरतं. फिटसाठी दिलं जाणारं फेनोबार्बिटोन असंच एएलपी चढवतं. कुशिंगच्या आजारात शरीर स्वतःच स्टिरॉईड जास्त बनवतं, तिथेही हेच. वाढत्या वयाच्या पिल्लात हाडांमधून एएलपी येतं, म्हणून सहा महिन्यांच्या पिल्लाचं एएलपी मोठ्या कुत्र्याच्या मर्यादेशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. सायबेरियन हस्कीच्या काही घराण्यांत तर काही आजार नसताना ते जन्मजात चढलेलं असतं.

नमुन्याचीही चौकशी करा. आठ ते बारा तास उपाशी होता का? जेवणानंतरचं तुपकट रक्त काही मशीनच्या मोजणीत गोंधळ घालतं. ट्यूबमध्ये रक्तपेशी फुटून सिरम लालसर झालं असेल तर एएसटीचा आकडा सोडून द्या.

दुसरी पायरी: प्रत्येक आकड्याचे पट काढा

320 आणि 1,230 यांची थेट तुलना करायची नाही, कारण दोघांच्या वरच्या मर्यादा वेगळ्या असतात. रिपोर्टच्या उजवीकडे त्या लॅबची मर्यादा छापलेली असते, तिने भागायचं. आमच्याकडच्या लॅबमध्ये एएलटीची वरची मर्यादा 100, एएलपीची 150 आणि जीजीटीची 10 होती.

टॉफी: एएलटी 320, म्हणजे 3.2 पट. एएलपी 140, म्हणजे मर्यादेच्या आतच. जीजीटी 5, आणि काविळीचा पिवळा रंग, म्हणजे बिलिरुबिन, 0.2, दोन्ही ठीक. एएसटी 88 होतं, मर्यादा 50, आणि सीके नॉर्मल. म्हणजे एएसटीसुद्धा लिव्हरमधूनच येत होतं. गळतीची दोन्ही एन्झाइम्स वर, तुंबण्याची दोन्ही जागेवर. पेशींच्या इजेचं चित्र याहून स्वच्छ मिळत नाही.

ब्रुनो: एएलपी 1,230, म्हणजे 8.2 पट. एएलटी 128, जेमतेम 1.3 पट. जीजीटी 18, 1.8 पट. बिलिरुबिन 0.2. पटांकडे पाहिलं तर तुंबण्याचा नमुना दिसतो. पण एएलपी आठ पट होईपर्यंत पित्त खरंच अडलं असतं, तर बिलिरुबिन इतकं शांत राहिल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे. वर कानाच्या थेंबांचा इतिहास, आणि घरच्यांनी आपणहून सांगितलेलं, "हल्ली पाणी फार पितो." सगळा रोख स्टिरॉईडकडे जात होता. जीजीटी हाडातून येत नाही, त्यामुळे पिल्लांमध्ये त्याचा उपयोग होतो, पण स्टिरॉईडने तेही थोडं वाढतं. जीजीटी वाढलं म्हणजे पित्त तुंबलंच, असा निकाल त्यावरून देऊ नका.

माणसांचे डॉक्टर एएलटीच्या पटांना एएलपीच्या पटांनी भागून एक गुणोत्तर काढतात. पाच किंवा जास्त आलं तर पेशींची इजा, दोन किंवा कमी आलं तर पित्ताचा अडथळा. इंटरनेटवरून हे सूत्र घेऊन काही पालक येतात. ब्रुनोचं ते 0.16 आलं असतं आणि निदान झालं असतं पित्ताचा अडथळा, जो तेव्हा नव्हता. कुत्र्याचं एएलपी इतक्या सहज चढतं की भाजकच भरवशाचा राहत नाही.

आणखी एक गोष्ट. प्रत्यक्षात नमुने बऱ्याचदा मिसळलेले येतात, आणि त्याला कारण आहे. तुंबलेलं पित्त पेशींना जाळतं, म्हणून अडथळ्यातही एएलटी वाढतं. उलट, सुजलेल्या पेशी मधले पाट दाबतात, म्हणून इजेतही एएलपी थोडं चढतं. पुढे कोण आहे आणि किती पुढे आहे, एवढंच पाहायचं. गोचीड ताप, स्वादुपिंडाची सूज, अगदी दातांचा जुना संसर्ग यांच्यातही लिव्हर नुसतं सोबतीला म्हणून दोन-तीन पट वर जातं. तिथे मूळ आजार सोडून लिव्हरची टॉनिकं पाजत बसण्यात अर्थ नसतो.

तिसरी पायरी: बिलिरुबिन, पण आधी रक्ताची टक्केवारी

डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या आणि कानाची आतली बाजू उजेडात बघा. बिलिरुबिन साधारण दोन-तीनच्या वर गेल्यावरच पिवळेपणा डोळ्यांना दिसतो, त्यामुळे लघवी आधी बोलते. गडद, चहासारखी लघवी ही पहिली खूण. नर कुत्र्याच्या घट्ट लघवीत बिलिरुबिनचा एखादा प्लस निरोगीपणीही सापडतो, तेवढ्यावर घाबरू नका.

कावीळ दिसली की लोक थेट लिव्हरवर उडी मारतात. त्याआधी पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण बघा. गोचिडीतून होणाऱ्या बाबेसियात या पेशी फुटतात आणि त्यातूनच बिलिरुबिन तयार होतं. हिरड्या पिवळट पण फिक्या, पीसीव्ही 15 किंवा 18, तर अडचण पित्ताची नाही, रक्ताची आहे. पीसीव्ही चांगला आणि तरी कावीळ असेल, तरच लिव्हर आणि पित्तनलिका यांच्याकडे वळायचं.

एन्झाइम्स इथून पुढे एका गोष्टीत मुकी होतात. पित्त तुंबलंय हे ती सांगतात, कुठे तुंबलंय हे नाही. लिव्हरच्या आतले बारीक पाट बंद आहेत, की बाहेरची मुख्य पित्तनलिका? पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची कुत्री येतात, पिवळी धम्मक, एएलपी बऱ्याचदा एएलटीपेक्षा पुढे, आणि सोनोग्राफीत नलिका अगदी मोकळी. तिथे तुंबणं आतलं असतं. सोबत किडनीचा आकडा, म्हणजे क्रिएटिनिन, वाढलेला असेल तर लघवीला हात लावताना हातमोजे घाला, कारण हा आजार माणसाला होतो. बाहेरची नलिका पूर्ण बंद असेल तर शी पांढरट, मातकट होते. एरवी जागा ठरवायला सोनोग्राफीच लागते.

चौथी पायरी: इजा आणि काम यांत गल्लत करू नका

एएलटी किती वाढलं यावरून लिव्हर किती काम करतंय हे कळत नाही. विषबाधेत एएलटी 4,000 जाऊन कुत्रा पूर्ण बरा होऊ शकतो. उलट, वर्षानुवर्षं सुकत गेलेल्या लिव्हरमध्ये गळायला पेशीच उरलेल्या नसतात, तिथे एएलटी नॉर्मलच्या आसपास येतं आणि पोटात पाणी भरलेलं असतं. काम तपासायचं तर अल्ब्युमिन, साखर, युरिया, कोलेस्टेरॉल आणि रक्त गोठायला लागणारा वेळ बघायचा. हे चार-पाच आकडे एकत्र खाली उतरत असतील (गोठण्याची वेळ मात्र वाढते), तर एन्झाइम्स काहीही म्हणोत, प्रकरण गंभीर आहे.

शंका राहिली तर बाइल ॲसिडची जोडी करतात, एक नमुना उपाशीपोटी, दुसरा जेवणानंतर दोन तासांनी. पित्ताच्या अडथळ्याने आधीच कावीळ झालेली असेल तर या चाचणीवर पैसे घालवू नका, ती वाढलेलीच येणार. टॉफीची जोडी आली 8 आणि 19, दोन्ही नॉर्मल. लिव्हर काम करत होतं, पण रोज थोडं थोडं फुटत होतं.

पाचवी पायरी: पुन्हा तपासा, आणि तारखा लावून वाचा

टॉफीच्या बाबतीत निकाल घड्याळाने दिला. कुत्र्याच्या रक्तातलं एएलटी साधारण अडीच दिवसांत निम्मं होतं. इजा एकदाच झाली असती, समजा काहीतरी वावगं खाल्लं असतं, तर 320 चे अडीच दिवसांत 160 आणि पाच दिवसांत 80 व्हायला हवे होते. दुरुस्तीच्या काळातही पेशी थोड्या पाझरतात, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन आठवडे धरायचे. चार आठवड्यांनी आलं 354. आठ आठवड्यांनी 338. वरवर पाहिलं तर "वाढत नाहीये, स्थिर आहे." पण जे दर अडीच दिवसांनी निम्मं व्हायला पाहिजे ते दोन महिने जागचं हलत नसेल, तर कुठूनतरी रोज नवी भर पडते आहे. स्थिर आकडा म्हणजे चालू असलेली इजा. दोन महिने कारण न सापडता एएलटी वर राहिलं, तर मी बायोप्सीचा विषय काढतो, कुत्रा कितीही आनंदात शेपूट हलवत असला तरी.

सोनोग्राफीत टॉफीचं लिव्हर साफ दिसलं. त्यावर समाधान मानून थांबणं ही नेहमीची चूक. पेशींच्या पातळीवरची सूज सोनोग्राफीत दिसेलच असं नाही, आणि सुईने काढलेल्या चार पेशींतही ती नीट पकडता येत नाही. तुकडाच लागतो, आणि तोही लिव्हरच्या एकाहून जास्त भागांतून. त्याआधी प्लेटलेट आणि गोठण्याची चाचणी करून घेतली. पॅथॉलॉजिस्टला तांब्याचा खास रंग लावायला मी आवर्जून लिहून दिलं होतं, कारण जात लॅब्राडोर होती. या जातीत तांबं लिव्हरमध्ये साठण्याचा आनुवंशिक कल असतो. बेडलिंग्टन टेरियर आणि डॉबरमनमध्येही तो आढळतो. तसंच निघालं, पेशींत तांब्याचे कण आणि भोवती सूज.

तेव्हा टॉफीची आई अवघडून म्हणाली, "आम्ही तिला आठवड्यातून तीनदा कलेजी देतो, ताकद येते म्हणून." बकऱ्याची कलेजी. त्यात कोंबडीच्या कलेजीपेक्षा कितीतरी पट जास्त तांबं असतं. आजार कलेजीने झाला असं नाही, पण साठवण्याची खोड असलेल्या लिव्हरवर ते ओझं पडतच होतं. कलेजी बंद, तांबं कमी असलेलं खाणं सुरू, आणि डी-पेनिसिलामिन 250 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, रिकाम्या पोटी, म्हणजे दर किलोला 10 मिलिग्रॅम. या औषधाने उलट्या होतात, टॉफीलाही पहिला आठवडा झाल्या, मग डोस निम्म्यावर आणून हळूहळू वाढवला. तीन महिन्यांनी एएलटी 150, सहा महिन्यांनी 82. हे औषध महिनोन्महिने आणि रक्त-लघवीच्या तपासण्या करतच द्यावं लागतं, घरच्या घरी सुरू करण्यासारखं ते नाही.

ब्रुनो परत येतो

ब्रुनोचे थेंब बदलले, स्टिरॉईड थांबवलं. गोळ्या आधीच संपल्या होत्या. त्या चालू असत्या तर एकदम तोडल्या नसत्या, हळूहळू उतरवल्या असत्या. सहा आठवड्यांनी एएलपी 610, तीन महिन्यांनी 240. थेंब थांबवले म्हणून एएलपी लगेच पडत नाही, उत्पादनाची ऑर्डर मावळायला आठवडे जातात. तेव्हाच्या सोनोग्राफीत लिव्हर थोडं मोठं होतं आणि पित्ताशयात न हलणारा गाळ होता. गाळ बऱ्याच म्हाताऱ्या कुत्र्यांत सापडतो, म्हणून नोंद करून सोडून दिलं. दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा बघायला हवं होतं, कॉकर जात आणि न हलणारा गाळ असताना तर नक्कीच.

दहा महिन्यांनी घरून फोन आला. दोन दिवस उलट्या, जेवण बंद. मी म्हणालो, "पुन्हा कानाचं औषध चालू केलंत का? उद्या आणा." तो एक दिवस मी विनाकारण घालवला. जुन्या निदानाच्या चष्म्यातून मी नवा आजार बघत होतो. दुसऱ्या दिवशी ब्रुनो टेबलावर आला तेव्हा कानाच्या आतली बाजू पिवळी होती.

एएलपी 2,850, म्हणजे 19 पट. एएलटी 720, 7.2 पट. जीजीटी 64, 6.4 पट. बिलिरुबिन 5.2, कोलेस्टेरॉल 480, पांढऱ्या पेशी 29,000. पीसीव्ही 41, म्हणजे रक्त फुटत नव्हतं. वर्षभरापूर्वीच्या कागदाशेजारी हा कागद ठेवा. तेव्हा एएलपी एकटंच उड्या मारत होतं, आता जीजीटी, बिलिरुबिन आणि कोलेस्टेरॉल तिघंही त्याच्यासोबत आहेत, आणि तुंबलेल्या पित्ताने जळलेल्या पेशींचं एएलटी मागून येतंय. पित्त खरोखर अडलं की रिपोर्ट असा दिसतो.

सोनोग्राफीत पित्ताशय आडव्या कापलेल्या किवी फळासारखं दिसलं, मधे काळा-करडा गोळा आणि कडेला ताऱ्यासारख्या रेषा. ही म्युकोसील. पित्ताशयात पित्ताऐवजी घट्ट जेली भरलेली असते, ती पुढे सरकून नलिका बंद करते किंवा पिशवीच फाडते. कॉकर आणि शेटलंड शीपडॉग या जातींत ती जास्त दिसते, आणि जादा स्टिरॉईडशीही तिचा संबंध आहे. अशा वेळी पित्त पातळ करणाऱ्या अर्सोडीऑक्सीकोलिक ॲसिडच्या गोळ्या देऊन वाट बघू नका. नलिका पूर्ण बंद असताना पित्ताचा जोर वाढवण्यात धोकाच आहे. पित्त आतड्यात पोहोचत नसलं की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठेनासं होतं, म्हणून ते इंजेक्शन आधी दिलं, गोठण्याची वेळ पुन्हा पाहिली आणि त्याच रात्री पित्ताशय काढलं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ब्रुनो चिकन-भात खात होता आणि तरी डोळे पिवळेच. घरच्यांना वाटलं, पुन्हा अडलं. बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला पक्का चिकटतो आणि अल्ब्युमिन जुनं होऊन जाईपर्यंत, म्हणजे एखाद-दोन आठवडे, रक्तात फिरत राहतो. म्हणून त्या दिवसांत मी डोळ्यांच्या रंगाऐवजी भूक, उलटी आणि शीचा रंग विचारत होतो. शी तपकिरी झाली होती, म्हणजे पित्त आतड्यात उतरत होतं. एएलटी दहाव्या दिवशी 140 वर आलं. एएलपी मात्र त्याच दिवशी 1,400 होतं, आणि आठ आठवड्यांनी 260.